'लाभ मिळवून देणे' म्हणजे नेमके काय? चार्टरमधील उद्दिष्टांना व्याप्ती आणि सीमा कशी द्यावी

अभ्यासपाठ



गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या केंद्रांवरून प्रकल्पाचे चार्टर माझ्याकडे वाचायला आले. जवळजवळ प्रत्येकात एक वाक्य सारखे होते : 'परिसरातील आदिवासी बांधवांना शासकीय योजनांचा लाभ मिळवून देणे व त्यांचे सक्षमीकरण करणे.' वाक्य खोटे नाही. आपण याचसाठी वस्तीवर जातो. पण या वाक्याखाली प्रायोजकाने सही करायची म्हटले, तर तो कशाला मंजुरी देतो हे त्याला सांगता येणार नाही आणि आपल्यालाही नाही.

निधी एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून येत असेल, तर ही नुसती भाषेची अडचण राहत नाही. कंपनी कायद्याखालील सीएसआर नियमांत 2021 साली बदल झाले. तेव्हापासून दिलेला पैसा मंजूर केलेल्या हेतूसाठी आणि मंजूर केलेल्या पद्धतीनेच खर्च झाला, याची खात्री कंपनीच्या संचालक मंडळाने करून घ्यायची असते आणि मुख्य वित्त अधिकाऱ्याने तसे प्रमाणित करायचे असते. 'सक्षमीकरण झाले' असे कोणता वित्त अधिकारी प्रमाणित करील? त्यामुळे सणसवाडी, शिक्रापूर किंवा रांजणगावच्या कारखान्यांच्या सीएसआर समितीसमोर असा चार्टर गेला की तो बहुधा नाकारला जात नाही, नुसता पडून राहतो. किंवा मंजूर होतो आणि वर्षअखेरीस वाद होतो.

या पाठात आपण एकच वाक्य घेऊ आणि ते शेवटपर्यंत सोडवू. उदाहरण कोरेगाव भीमा परिसरातले आहे. त्यातील नियम आणि तारखा खऱ्या आहेत. वस्त्यांचे आकडे मात्र गणित समजावे म्हणून मी घेतलेले आहेत. तुमच्या चार्टरमध्ये तुमच्या वस्तीचे आकडे येतील.

पहिली पायरी : वाक्यातील प्रत्येक शब्दाला प्रश्न विचारा

मूळ वाक्य असे धरू : 'कोरेगाव भीमा परिसरातील आदिवासी कुटुंबांना शासकीय योजनांचा लाभ मिळवून देणे.'

'परिसर' म्हणजे कुठपर्यंत? कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यात आहे. भीमा नदीचा पूल ओलांडून पुण्याच्या बाजूला गेलात की पेरणे लागते आणि पेरणे हवेली तालुक्यात आहे. ज्या जयस्तंभासाठी लोक 'कोरेगाव भीमाला' येतात, तो जयस्तंभही पेरणे हद्दीत आहे. बोलताना आपण दोन्ही काठांना एकच परिसर म्हणतो. पण दाखल्यासाठी तहसील बदलते, तलाठी बदलतो, पुरवठा शाखा बदलते. नदीच्या दोन्ही काठांवर वस्त्या असतील, तर एका कार्यकर्त्याला दोन तालुक्यांच्या कचेऱ्या कराव्या लागतात. शिरूरची कचेरी इथून सुमारे 40 किलोमीटर पूर्वेला, तर हवेलीच्या कामासाठी उलट दिशेने पुण्याकडे. 'परिसर' या एका शब्दात अर्धा प्रवासखर्च लपलेला आहे. म्हणून तिथे गावांची आणि वस्त्यांची नावे लिहायची आणि तालुकाही लिहायचा.

'आदिवासी' म्हणजे कोण? वस्तीवर आपण भिल्ल, ठाकर, कातकरी, पारधी, वडार या सगळ्यांना एकत्रच भेटतो. सरकारी यादी मात्र त्यांना एकत्र ठेवत नाही. कातकरी, भिल्ल, ठाकर अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. वडार विमुक्त जातींच्या यादीत आहेत. पारधी समाजात तर फासेपारधी अनुसूचित जमातीत आणि राजपारधी विमुक्त जातींत, अशी विभागणी आहे. यादी बदलली की पुराव्याची तारीखही बदलते. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 रोजी पूर्वज कुठे राहत होते ते पाहतात, तर विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 ही तारीख धरतात. 'आदिवासी कुटुंबे' एवढेच लिहिले, तर एका वडार कुटुंबाला आपण नकार द्यायचा की त्याचे काम करायचे, हे कार्यकर्त्याला वस्तीवर उभे राहून ठरवावे लागते.

'योजना' कोणत्या आणि 'लाभ' म्हणजे काय? घरकुल, शिष्यवृत्ती, रेशन, वसतिगृह ही वेगवेगळी कामे आहेत. त्यांची खाती वेगळी आणि कागदही वेगळे. सरकारनेही विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी 15 नोव्हेंबर 2023 रोजी पीएम-जनमन अभियान सुरू केले, तेव्हा 'विकास' या शब्दावर थांबता आले नाही. देशातील 75 समूह, 9 मंत्रालये आणि 11 ठरावीक कामे अशी यादी करावी लागली. आपल्या राज्यातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड त्या समूहांत येतात. एवढ्या मोठ्या सरकारला 11 कामे मोजून लिहावी लागली, तर आपल्या दोन कार्यकर्त्यांच्या प्रकल्पाने एकच काम निवडावे हे बरे.

आपण या उदाहरणात एक काम निवडू : अनुसूचित जमातीचा जातीचा दाखला. वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि पुढची बरीच दारे या कागदाशी येऊन थांबतात आणि स्थलांतरित कुटुंबांची सर्वांत जास्त ओढाताण इथेच होते.

दुसरी पायरी : आपल्या हातातले आणि आपल्या हाताबाहेरचे वेगळे करा

आता बरेच जण वाक्य असे सुधारतात : 'एका वर्षात 80 कुटुंबांना जातीचे दाखले मिळवून देणे.' आकडा आला, मुदत आली, वाचायला स्पष्ट वाटते. तरीही यात एक मोठी खोट आहे. दाखला आपण देत नाही. तो सक्षम अधिकारी, म्हणजे बहुतेक वेळा उपविभागीय अधिकारी किंवा आपण ज्यांना प्रांत म्हणतो ते, पुरावा पाहून देतात किंवा नाकारतात. ज्याचा निर्णय दुसऱ्याच्या हातात आहे त्याचे वचन आपण प्रायोजकाला देऊ शकत नाही. त्या कुटुंबाला तर मुळीच देऊ नये. दाखल्यासाठी कचेरीत गेलेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. आपण 'मिळवून देऊ' म्हणालो म्हणून त्याने ती बुडवलेली असते.

या आकड्याचा दुसरा तोटा हळूहळू दिसतो. '80 दाखले' हे लक्ष्य ठेवले की कार्यकर्ता आपोआप सोपी घरे शोधू लागतो. ज्याच्या आजोबांचा शाळेचा उतारा घरात आहे, त्याचे काम आधी. ज्याच्या घराण्यात कोणी शाळेत गेलेच नाही, त्याचे काम 'नंतर बघू'. वर्षअखेरीस आकडा पूर्ण होतो, पण ज्यांना आपली खरी गरज होती ती घरे जिथल्या तिथे राहतात. हे ओळखण्याची एक खूण आहे. पहिल्या तीन महिन्यांत काम भराभर होते, नंतर एकदम मंदावते आणि उरलेल्या नावांसमोर 'कागद नाहीत' एवढाच शेरा असतो.

म्हणून तीन गोष्टी तीन वेगळ्या रकान्यांत लिहायच्या. आपण स्वतः पूर्ण करून हाती देऊ ते डिलिव्हरेबल. त्यातून पुढे काय व्हावे अशी आशा आहे तो परिणाम. आणि जे आपण करणार नाही किंवा करू शकत नाही ती सीमा. आपल्या उदाहरणात 'संपूर्ण प्रस्ताव दाखल करणे' हे डिलिव्हरेबल, 'दाखला मिळणे' हा परिणाम. परिणामाची नोंद आपण ठेवू आणि दर तिमाहीला प्रायोजकाला कळवू. पण प्रकल्प पूर्ण झाला की नाही, हे त्यावरून ठरणार नाही.

तिसरी पायरी : 'संपूर्ण' म्हणजे काय ते लिहा

डिलिव्हरेबल लिहिताना नुसते नाम पुरत नाही. दोन माणसांनी वेगवेगळे पाहिले तरी 'हे झाले' किंवा 'हे झाले नाही' असे एकच उत्तर यावे, इतके ते स्पष्ट हवे. 'संपूर्ण प्रस्ताव' आपण असा ठरवू :

1. भरलेला अर्ज आणि अर्जदाराची ओळख व रहिवास दाखवणाऱ्या कागदांच्या प्रती.
2. वडिलांकडून वर जाणारी वंशावळ आणि तिचे शपथपत्र.
3. वडील, आजोबा, चुलते किंवा वडिलांकडील इतर रक्तनात्यातील व्यक्तीची किमान एक जुनी नोंद. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा, गाव नमुना 14 मधील जन्म-मृत्यूची नोंद किंवा जुना जमिनीचा कागद चालेल. नोंद सापडली नाही, तर कोणत्या शाळेत आणि कोणत्या कचेरीत शोध घेतला याचे लेखी उत्तर.
4. अर्ज दाखल केल्याची पोच, अर्ज क्रमांकासह.
5. या सगळ्याचा एक संच कुटुंबाच्या हाती दिल्याची कुटुंबप्रमुखाची सही किंवा अंगठा.

तिसऱ्या मुद्द्यातील दुसरे वाक्य नीट पाहा. नोंद न सापडलेल्या घराचे कामही त्यात मोजले जाते, मात्र शोध खरोखर घेतलेला असला पाहिजे. त्यामुळे अवघड घर टाळण्याचे कारण उरत नाही. नोंद नसताना चौकशी कशी करायची आणि दाखला द्यायचा की नाही, हा निर्णय सक्षम अधिकाऱ्याचा. पण त्याच्यासमोर आता रिकामा अर्ज नसतो, शोधाचा लेखी पुरावा असतो.

चौथा मुद्दाही केवळ हिशेबासाठी नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत असते आणि मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर अपील करता येते. पोच नसेल तर मुदत कुठून मोजायची? अर्ज 'साहेबांच्या टेबलावर ठेवला' म्हणजे दाखल झाला असे होत नाही.

चौथी पायरी : आकडा कसा काढायचा

आता किती प्रस्ताव? इथे बहुतेक चार्टर अंदाजाने गोल आकडा टाकतात. आकडा वस्तीतून आणि आपल्या दिवसांतून काढायचा असतो.

या कामात एक नियम सगळे गणित बदलतो. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी अर्ज कुटुंब आज जिथे राहते तिथे नव्हे, तर 6 सप्टेंबर 1950 रोजी त्याचे पूर्वज जिथले रहिवासी होते तिथल्या सक्षम अधिकाऱ्याकडे करायचा असतो. समजा, रायगडमधील कर्जत तालुक्यातून आलेले एक कातकरी कुटुंब कोरेगाव भीमाजवळच्या वीटभट्टीवर दहा वर्षे काम करीत आहे. त्याचा अर्ज शिरूरमध्ये कितीही वेळा भरला, तरी तो योग्य जागी पोचलेला नसतो. त्याच्या आजोबांची नोंद कर्जतकडे शोधावी लागते आणि अर्जही तिकडच्या अधिकाऱ्याकडे जातो.

म्हणून पहिले दोन महिने फक्त यादीसाठी ठेवू. तीन ठरलेल्या वस्त्यांवर घरोघर जाऊन कुटुंबांचे तीन गट करायचे. समजा, एकूण 96 कुटुंबे निघाली. पूर्वज पुणे जिल्ह्यातलेच, असा पहिला गट 38 कुटुंबांचा. पूर्वज महाराष्ट्रातील दुसऱ्या जिल्ह्यातले, असा दुसरा गट 44 कुटुंबांचा. परराज्यातून आलेली किंवा दुसऱ्या यादीतील कुटुंबे, असा तिसरा गट 14 कुटुंबांचा.

पहिल्या गटातील एका प्रस्तावाला कार्यकर्त्याचे साधारण 4 दिवस लागतात असे धरू : दोन दिवस वस्तीवर वंशावळ आणि कागद, एक दिवस शाळेत किंवा तहसीलमध्ये, एक दिवस दाखल करायला. दुसऱ्या गटाला 7 दिवस, कारण मूळ गावी जाणे-येणे आणि तिथल्या शाळेत दुसरी खेप आलीच. दोन कार्यकर्ते आहेत. बैठका, सुट्ट्या, अहवाल आणि पावसाचे दिवस वजा करून प्रत्येकाला महिन्याला 18 दिवस प्रत्यक्ष कामाचे मिळतात. यादीनंतर उरलेल्या 10 महिन्यांत दोघांचे मिळून 360 दिवस झाले.

पहिल्या गटाचे 38 प्रस्ताव म्हणजे 152 दिवस. उरले 208. दुसऱ्या गटाचे 27 प्रस्ताव केले, तर 189 दिवस लागतात आणि 19 दिवस हाताशी राहतात. आजारपण, बंद असलेली शाळा, बदलून गेलेला कारकून यांसाठी ते लागतीलच. म्हणजे वर्षात 65 प्रस्ताव होतील. मूळ चार्टरमधील 80 नाहीत.

पण चार्टरवर सही तर यादीच्या आधी हवी, मग हा 65 आकडा आधी कुठून आणायचा? आणायचा नाही. चार्टरमध्ये मंजुरी दोन टप्प्यांत मागायची. पहिल्या टप्प्यात प्रायोजक फक्त दोन महिन्यांच्या यादीला आणि तिच्या खर्चाला मंजुरी देतो. यादी हाती आल्यावर, वर दाखवलेल्या गणिताने आकडा ठरतो आणि दुसऱ्या टप्प्याची मंजुरी त्या आकड्याला मिळते. अनेकांना वाटते की असे लिहिले तर प्रायोजक म्हणेल, 'यांना स्वतःलाच माहीत नाही.' माझा अनुभव उलट आहे. पहिल्या टप्प्यात त्याचा पैसा थोडा अडकतो आणि पुढचा आकडा मोजून आलेला असतो, हे समितीतील हिशेबाच्या माणसाला लगेच पटते.

दुसऱ्या गटातील 44 पैकी 27 कोणते, हेही चार्टरमध्येच लिहायचे. नाहीतर पुन्हा सोपी घरे निवडली जातील. ज्या घरात इयत्ता आठवी ते बारावीत शिकणारे मूल आहे ते घर आधी, आणि बरोबरी झाली तर ज्या घराण्यात अजून कोणाकडेच दाखला नाही ते आधी, असा क्रम ठेवता येईल. कागद हाताशी आहेत की नाहीत, हा निकष घ्यायचा नाही.

पाचवी पायरी : सीमा लिहा आणि वस्तीवर वाचून दाखवा

सीमा लिहिताना आपल्याला संकोच वाटतो. 'आम्ही हे करणार नाही' असे सेवेच्या कागदावर लिहायचे कसे? पण सीमा न लिहिता ती असतेच. फक्त ती कुटुंबाला वर्षअखेरीस कळते. आपल्या उदाहरणात पाच सीमा पुरेत.

पहिली : दाखला मिळेल याची हमी नाही. दुसरी : दाखल्यानंतरची वैधता, म्हणजे जमात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडील काम, या प्रकल्पात नाही. दाखला आणि वैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अनेक कुटुंबांना त्या एकच वाटतात. तिसरी : तिसऱ्या गटातील 14 कुटुंबांचा आणि या वर्षात न बसलेल्या 17 कुटुंबांचा प्रस्ताव आपण करणार नाही. त्यांचा मार्ग कोणता आणि कोणत्या कचेरीत जायचे, ही लेखी चिठ्ठी मात्र प्रत्येकाला देऊ. चौथी : कुटुंबाचा कोणताही मूळ कागद कार्यालयात ठेवायचा नाही, प्रत काढून त्याच दिवशी परत द्यायचा. पाचवी : जमातीचे नाव कार्यकर्ता स्वतःच्या समजुतीने लिहिणार नाही. जुन्या नोंदीत जे आहे तेच लिहायचे, कारण खोटी माहिती देऊन दाखला घेणे हा 2000 च्या जात प्रमाणपत्र अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि शिक्षा त्या कुटुंबाला भोगावी लागते.

आपली संस्था मिशनची असल्यामुळे आणखी एक वाक्य मी नेहमी घालते : या निधीतून कोणताही धार्मिक कार्यक्रम होणार नाही आणि कुटुंबाची निवड त्याच्या धर्मावर अवलंबून राहणार नाही. प्रायोजक हा प्रश्न तोंडावर विचारत नाही, पण त्याच्या मनात तो असतो. उत्तर आधीच लिहिलेले बरे. तसेच पैसा परदेशी देणगीचा असेल, तर एफसीआरए कायद्यात 2020 साली झालेल्या दुरुस्तीनुसार तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणून 'कर्जतकडचे काम तिथल्या मित्रसंस्थेला पैसे देऊन करून घेऊ' असे लिहिता येणार नाही. तिकडचा प्रवास आपल्याच कार्यकर्त्याने करायचा आणि तो दिवसांच्या गणितात धरायचा.

सीमांचे पान वस्तीवर मोठ्याने वाचून दाखवा, सही होण्याआधी. एखादी बाई विचारेल, 'मग आमच्या पोरीची वैधता कोण करणार?' याचे उत्तर आपल्याकडे नसेल, तर एक तर वैधता व्याप्तीत घ्यावी लागेल आणि प्रस्ताव कमी करावे लागतील, किंवा कोणाकडे पाठवायचे ते शोधावे लागेल. हा प्रश्न मंजुरीनंतर सहा महिन्यांनी येण्यापेक्षा आधी आलेला बरा.

सहावी पायरी : वेळापत्रक कामाच्या हंगामाला बांधा

या भागातील वीटभट्ट्या दिवाळीनंतर लागतात आणि पावसाआधी थांबतात. भट्टीवरची कुटुंबे त्या काळात इथे भेटतात, नंतर मूळ गावी जातात. म्हणून प्रकल्पाचे वर्ष ऑक्टोबरपासून धरले, तर नोव्हेंबर अखेरीपर्यंत यादीची तयारी आणि गणना होते, डिसेंबर ते मे वंशावळी आणि अर्ज, आणि शाळा उघडल्यावर जून ते सप्टेंबर मूळ गावच्या नोंदींचा शोध. हेच वर्ष एप्रिलला सुरू केले, तर यादीच्या दोन महिन्यांतच घरे रिकामी होऊ लागतात.

स्थानिक दिवसही लिहायचे. 1 जानेवारीला जयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखो लोक येतात. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते, महसूल आणि पोलीस यंत्रणा त्याच कामात असते. त्या आठवड्यात कचेरीचे काम ठेवायचे नाही, एवढी एक ओळ चार्टरमध्ये असली, की तिमाही अहवालात 'काम का मागे पडले' हे सांगावे लागत नाही.

सुधारलेले पान

आता मूळ वाक्याच्या जागी चार्टरमध्ये असे येईल :

*व्याप्ती :* शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा आणि लगतच्या गावांच्या हद्दीतील, सोबतच्या यादीत नावे दिलेल्या तीन वस्त्या. तेथील, अनुसूचित जमातीचा दावा असलेली आणि मूळची महाराष्ट्रातील कुटुंबे. प्रत्येक कुटुंबातील एका व्यक्तीचा जातीच्या दाखल्याचा प्रस्ताव.

*डिलिव्हरेबल, पहिला टप्पा :* 30 नोव्हेंबरपर्यंत तीन गटांत विभागलेली कुटुंबांची यादी आणि तीवरून काढलेला प्रस्तावांचा आकडा.

*डिलिव्हरेबल, दुसरा टप्पा :* 30 सप्टेंबरपर्यंत मंजूर आकड्याइतके संपूर्ण प्रस्ताव (व्याख्या सोबत). व्याप्तीबाहेरील प्रत्येक कुटुंबाला मार्गदर्शनाची लेखी चिठ्ठी.

*स्वीकृती :* प्रायोजकाचा प्रतिनिधी यादीतून स्वतः निवडलेल्या 10 कुटुंबांना, त्यांची संमती घेऊन, भेटेल आणि त्यांच्याकडील संच व्याख्येशी ताडून पाहील.

*सीमा :* वरील पाच आणि धार्मिक कार्यक्रमाविषयीचे वाक्य.

*बदल :* नवी वस्ती किंवा नवे काम जोडायचे असल्यास ते लेखी मागायचे आणि त्याच्या बदल्यात काय कमी होईल किंवा किती खर्च वाढेल, हे त्याच पानावर लिहायचे. प्रायोजकाच्या सहीशिवाय बदल लागू नाही.

यातील शेवटची अट दोघांनाही बांधते. वर्षाच्या मध्ये कारखान्याचे साहेब पाहणीला येतात आणि म्हणतात, 'पलीकडच्या काठावरची वस्तीही घ्या ना.' आपल्याला नाही म्हणवत नाही. आता म्हणायचे नाहीच, फक्त पान पुढे करायचे : पलीकडे हवेली तालुका आहे, दहा प्रस्तावांना निदान 40 दिवस लागतील, आपल्याकडे 19 आहेत, मग यादीतली कोणती कुटुंबे थांबवायची? बहुतेक वेळा साहेबच म्हणतात, 'पुढच्या वर्षी घेऊ.' कधी कधी जास्तीचा निधीही मिळतो. दोन्ही वेळा यादीतील कुटुंब मागे ढकलले जात नाही.

केंद्रावर बसून करायचा अभ्यास

आपल्या चालू चार्टरमधील एक उद्दिष्ट घ्या. 'जनजागृती करणे' असे असेल तर उत्तमच. ते वाक्य फळ्यावर लिहा आणि गटात चार प्रश्नांची उत्तरे शोधा.

1. या वाक्यातील कोणता शब्द दोन कार्यकर्ते दोन अर्थांनी घेतील?
2. यातील कोणता भाग आपल्या हातात आहे आणि कोणता निर्णय दुसऱ्या कोणाच्या हातात आहे?
3. काम झाले हे पाहायला आलेल्या माणसाला आपण नेमकी कोणती वस्तू दाखवू?
4. हे लक्ष्य ठेवल्यावर कार्यकर्ता कोणते घर टाळू लागेल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर सापडेपर्यंत वाक्य पुन्हा पुन्हा लिहा. ज्या वाक्यात टाळलेल्या घरालाही जागा मिळते, तेच वाक्य चार्टरमध्ये घाला आणि मग सहीसाठी पाठवा.